तीस सेकंदांत पेढा

पेढेवाल्यांनी माझ्यासमोर वहीचा कागद ठेवला. रेडिओवर द्यायच्या जाहिरातीचा मजकूर त्यांनी स्वतः लिहून आणला होता. दुकान आजोबांच्या काळापासून आहे, शाखा दोन आहेत, पेढे, बर्फी, बालूशाही, मलई सँडविच आणि सर्व प्रकारचं फरसाण मिळतं, लग्नकार्याच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातात, पार्किंगची सोय आहे, आणि शेवटी दोन मोबाईल नंबर. मी घड्याळ लावून तो कागद मोठ्याने वाचला. श्वास न घेता वाचूनही पन्नास सेकंद उलटली. "मग जरा भरभर वाचायला सांगू की," ते म्हणाले.

बरोबर इथेच बहुतेक दुकानांच्या जाहिराती फसतात. रेडिओवरची वेळ साधारणपणे दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत विकली जाते. एकतीस सेकंदांची जाहिरात दिली, तर चाळीसचे पैसे मोजावे लागतात, नाहीतर ती परत येते. म्हणून तीस म्हणजे तीसच. शिवाय ही तीस सेकंदं सगळी बोलण्याची नसतात. त्यातून आधी जिंगल वजा करा, सुरुवातीचा आवाज वजा करा, बोलता बोलता घ्यायचे थांबे वजा करा. हाती अठरा-एकोणीस सेकंदं उरतात. मिठाईच्या जाहिरातीचा सगळा मजकूर त्यात बसवायचा असतो.

आता या अठरा-एकोणीस सेकंदांत मावतं किती? शब्द मोजून हे कळत नाही. इंग्रजी जाहिरातवाल्यांचे शब्दांचे ठोकताळे मराठीला लावायला जाल तर पस्तावाल, कारण आपण प्रत्यय शब्दाला चिकटवतो. 'पण' हाही एक शब्द आणि 'मिठाईवाल्यांकडून' हाही एकच. मी शब्द मोजत नाही, तोंड किती वेळा उघडतं ते मोजतो. हनुवटीखाली हात धरून सावकाश बोला, हनुवटी जितक्या वेळा हाताला लागेल तितके उच्चार. 'मोती चौकात' लिहिताना पाच अक्षरं आहेत, पण बोलताना शेवटचा 'त' आधीच्या 'का'ला चिकटतो, म्हणून उच्चार चार. दुकानाच्या जाहिरातीसाठी सेकंदाला पाच उच्चार हा वेग मला बरा वाटतो. गप्पा मारताना आपण याहून भरभर बोलतो, पण समोरच्याचं तोंड दिसत असतं म्हणून ते चालतं. रेडिओ ऐकणारा माणूस कढईतले पोहे परतत असतो किंवा रिक्षात बसलेला असतो, त्याला पाचच द्या. म्हणजे आपल्याकडे एकूण नव्वद-पंच्याण्णव उच्चार आहेत.

एवढ्यात एकच पदार्थ विकता येतो. कोणता, ते दुकानदाराने ठरवायचं, आणि ते त्यांना जड जातं. आमच्या या पेढेवाल्यांचं दुकान साताऱ्यातलं, त्यामुळे कंदी पेढ्याशिवाय दुसरं काही निवडणं वेडेपणाचं होतं. प्रसंगही समोरच होता, दहावीचा निकाल. निकालाच्या दिवशी पेढ्याच्या दुकानात काय गर्दी होते ते सांगायला नको. फक्त एक अडचण असते. निकालाची नेमकी तारीख आधी फारशी कळत नाही, म्हणून जाहिरातीत 'आज', 'उद्या' किंवा तारीख घालायची नाही. कोणी पास झालंय, एवढाच प्रसंग घ्यायचा.

मालकांचं खरं नाव इथे देत नाही. दुकानाला आपण 'नाना पेढेवाले' म्हणू. तयार झालेली संहिता अशी:

०० ते ०२ सेकंद
ध्वनी: लोखंडी कढईत कालथा फिरतोय. खर्र… खर्र… खर्र…

०२ ते ११ सेकंद
गिऱ्हाईक (धापा टाकत): नाना, दोन किलो पेढे! पोरगी दहावी पास!
नाना: वा! किती पडले?
गिऱ्हाईक (आवाज खाली): त्रेसष्ट टक्के.
नाना: नव्वदवाल्याला पण हेच दिले! घे, आत्ताच वळलेत.

११ ते २२ सेकंद
निवेदिका: साताऱ्याचा कंदी पेढा. मंद आचेवर भाजलेला, म्हणून तांबूस. रोज सकाळी वळलेला. नाना पेढेवाले. मोती चौकात, राजवाड्याकडे जाताना डाव्या हाताला.

२२ ते २८ सेकंद
जिंगल (दोन बायका, एक पुरुष): दारात पाहुणे आले, नाना पेढेवाले!

२८ ते २९.५ सेकंद
गिऱ्हाईक (पुन्हा दारातून): नाना, तीन किलो करा!

२९.५ ते ३० सेकंद
शांतता.

हिशोब लावून बघा. गिऱ्हाईक आणि नानांच्या बोलण्याचे उच्चार सदतीस, म्हणजे साडेसात सेकंदांच्या आत. नऊपैकी उरलेलं दीड सेकंद थांब्यांना मिळतं. 'त्रेसष्ट टक्के'च्या आधी अर्धा सेकंद शांतता हवीच हवी. बाप जरा ओशाळलाय हे त्या अर्ध्या सेकंदातच कळतं. निवेदनाचे उच्चार एकोणपन्नास, शेवटच्या आरोळीचे सात. सगळे मिळून त्र्याण्णव उच्चार, शब्द मात्र बेचाळीसच.

नानांचं वाक्य पहिल्यांदा मी वेगळं लिहिलं होतं: "अरे, पंच्याण्णववाल्यालाही हेच पेढे दिले!" कागदावर हे झकास दिसतं. गमतीची धारही जास्त आहे. पण रेकॉर्डिंगला नानांचं काम करणारा नट तीनदा 'पंच्याण्णववाल्या'त अडखळला. चौथ्यांदा नीट म्हणाला, पण तेव्हा तो वाक्य बोलत नव्हता, अवघड जागा पार करत होता. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. शब्द एकच, पण त्यात उच्चार सात. 'नव्वदवाल्याला' केल्यावर पाच झाले, 'अरे' आणि 'पेढे' गेले, आणि अख्खं वाक्य चौदावरून नऊवर आलं. एक पूर्ण सेकंद मोकळं झालं, ते मी 'त्रेसष्ट'च्या आधीच्या शांततेला आणि नानांच्या हसऱ्या 'वा!'ला वाटून दिलं. संहितेतला कोणताही शब्द दोनदा भरभर बोलून बघा. जीभ अडखळली तर शब्द बदला, नट बदलू नका.

सुरुवातीच्या आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. पूर्वी एका दुकानासाठी जिलबी तळण्याच्या आवाजाने जाहिरात सुरू केली होती. तुपात पीठ पडतं तेव्हाचा तो चर्रर्र आवाज मला कमालीचा लोभस वाटला होता. जाहिरात वाजली, आणि केंद्रावरून विचारणा आली की तुमच्या फाईलमध्ये खरखर आहे का. दुकानदाराच्या बायकोला तो पाऊस वाटला होता. चूक त्यांची नव्हती. डोळे मिटून ऐका: तळणं, पाऊस आणि रेडिओची खरखर यांत कानाला फारसा फरक कळत नाही. डोळ्यांनी जिलबी दिसत असते म्हणून आपण ती ऐकतो.

कालथ्याचा आवाज त्या मानाने बरा. लोखंडावर लोखंड घासतं, त्याला ठेका असतो, आणि तो खरखरीसारखा अखंड नसतो. तरीही एकट्या त्याच्यावर विसंबायचं नाही. आवाज सुरू झाल्यावर चार सेकंदांच्या आत कोणीतरी तोंडाने 'पेढे' म्हणायला हवं. मग ऐकणारा मागे जाऊन समजतो, 'अच्छा, खवा भाजतायत.' म्हणूनच गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य 'नाना, दोन किलो पेढे!' असं आहे. दुकान आणि माल, दोन्ही पहिल्या चार सेकंदांत कानावर पडलं. कढई स्टुडिओत आणू नका, तिथे ती निर्जीव वाजते. भट्टीवर जा, दुकान उघडायच्या आधी, पंखा बंद करून, फोन कढईपासून हातभर लांब धरून पाच मिनिटं रेकॉर्ड करा. त्यातले दोन सेकंद मिळतात.

आता जिंगल. ती सहा सेकंदांची, ना कमी ना जास्त, आणि तिचं गणित सोपं आहे. ठेका केरव्याचा, आठ मात्रांचा. मिनिटाला एकशे साठ मात्रांच्या गतीने एक मात्रा पावणेचार दशांश सेकंदाची होते, आणि आठ मात्रांचं एक आवर्तन बरोबर तीन सेकंदांत पुरं होतं. दोन ओळी, दोन आवर्तनं, सहा सेकंद. संगीतकाराला 'छान उडती चाल द्या' म्हणण्याऐवजी 'केरवा, एकशे साठ, दोन आवर्तनं' म्हणा. रेकॉर्डिंगनंतरची कापाकापी वाचते.

ओळीही त्याच मापाने लिहायच्या. दीर्घ अक्षराला एक मात्रा, ऱ्हस्वाला अर्धी. 'नाना पेढेवाले' यात सहाच्या सहा अक्षरं दीर्घ आहेत, म्हणजे सहा मात्रा झाल्या आणि दोन मोकळ्या राहिल्या. त्या दोन मोकळ्या मात्रांत शेवटचा स्वर घुमतो आणि नाव कानात बसतं. 'दारात पाहुणे आले' मोजलं तर सात मात्रा, एक श्वासाला. हे नाव नशिबाने गाण्याजोगं निघालं, हे कबूल करतो. नाव 'श्री सिद्धेश्वर स्वीट्स अँड नमकीन' असेल तर आठ मात्रांत कोंबू नका. लोक दुकानाला तोंडी काय म्हणतात ते विचारा आणि तेच गा.

जिंगलमध्ये दहावीचा उल्लेख नाही, हे लक्षात आलं असेल. तो मुद्दाम टाळलाय. मधली वीस सेकंदं दर सणाला बदलतील, पण कढईची खर्र आणि शेवटची जिंगल वर्षभर तीच राहील. निकाल, राखी, गणपती, दिवाळी, प्रत्येक वेळी नवी चाल करायला गेलात तर पैसे जातील आणि लोकांच्या ओळखीचं काही तयार होणार नाही. आम्ही कालथ्याचे तीन घासही दर दोन मात्रांना एक असे बसवले, म्हणजे पाऊण पाऊण सेकंदाला एक. त्यामुळे जिंगल सुरू होते तेव्हा ठेका आधीच ऐकलेला असतो.

सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर शब्द बसवून द्या, असा आग्रह हमखास होतो. चालीचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. 'आपण नुसती चाल घेतलीय, गाणं नाही' हा बचाव चालत नाही. सहा सेकंदांची स्वतःची चाल गावातला भजनी मंडळाचा पेटीवालाही बांधून देतो.

निवेदनात पत्ता कसा आहे ते पाहा. दुकान क्रमांक नाही, पिनकोड नाही, फोन नंबर नाही. दहा आकड्यांचा नंबर नीट सांगायला चार-पाच सेकंद लागतात, आणि सांगितल्यासारखा वाटावा म्हणून दोनदा सांगितला की निवेदनाची जवळजवळ सगळी वेळ तोच खातो. बरं, पेढे आणायला फोन कोण करतं? रस्ता सांगताना आपण नाक्यावर उभ्या माणसाला सांगतो तसा सांगायचा. 'राजवाड्याकडे जाताना डाव्या हाताला' हे पंधरा उच्चारांच्या आत ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे उभं राहतं. भावही घातला नाही. खव्याचा दर वाढला की जाहिरात बाद करावी लागते.

'रोज सकाळी वळलेला' या जागी मालकांना 'ताजा' हवं होतं, आणि आधी 'शुद्ध'. दोन्ही शब्द मी काढले, त्याला दोन कारणं आहेत. एक कायद्याचं: अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबत केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ सालचे नियम आहेत, आणि 'ताजे', 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'पारंपरिक' यांसारखे शब्द केव्हा वापरायचे यावर त्यांत अटी घातलेल्या आहेत. 'साताऱ्यात एक नंबर' म्हटलं तर एक नंबर कशावरून, हे दाखवता आलं पाहिजे. दुसरं कारण लिहिण्याचं. 'ताजा' प्रत्येक दुकानदार म्हणतो, त्यामुळे तो कोणाला ऐकू येत नाही. 'वळलेला' म्हटलं की हात दिसतात. 'तांबूस' म्हटलं की कंदी पेढा पांढऱ्या पेढ्यापासून वेगळा होतो, आणि तो तसा का, हे 'मंद आचेवर भाजलेला'ने आधीच सांगितलेलं असतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तीन गोष्टींकडे कान ठेवा. 'पेढे' शब्दातला 'प' माईकवर फटकन आदळतो, आणि या जाहिरातीत तो चार वेळा आहे. बोलणाऱ्याचं तोंड माईकपासून वीतभर लांब आणि किंचित तिरकं ठेवा, म्हणजे हवेचा झोत बाजूने जातो. दुसरं, घाईत 'पेढे'चं 'पेडे' होतं. निवेदिकेला ते जाणवत नाही, घरी ऐकणाऱ्याला जाणवतं. तिसरं, निवेदनाखाली वाजणारं संगीत. ते इतकं बारीक हवं की वाजतंय हे कळू नये, बंद झालं तरच कळावं. ते मोठं ठेवलं तर स्टुडिओतल्या भल्यामोठ्या स्पीकरवर भारी वाटतं आणि रिक्षात फक्त संगीत ऐकू येतं. डग्ग्याचा घुमारही फोनच्या छोट्या स्पीकरवर गायब होतो, म्हणून ठेका ढोलकीच्या चाटेवर आणि टाळांवर ठेवा.

सगळं जोडून मिश्रण तयार झालं ते ३१.२ सेकंदांचं. तंत्रज्ञ म्हणाला, चार टक्के वेग वाढवतो, कोणाला कळणार नाही. खरंच कळलं नसतं. पण जिंगलचा ठेका बदलला असता, आणि पुढच्या सणाची जाहिरात याच जिंगलला जोडताना दोन वेगळ्या गती निघाल्या असत्या. श्वास कापून वेळ काढण्याचीही एक पद्धत आहे. दोन-तीन श्वास कापले तर चालतं, सगळे कापले की निवेदिका बुडत असल्यासारखी ऐकू येते. आम्ही शब्द कापले. निवेदनात 'राजवाड्याकडे जाताना'च्या आधी 'पुढे' होतं आणि शेवटी 'दुकान', ते दोन्ही गेले, बाकीचं थांब्यांतून निघालं. शेवटचं अर्धं सेकंद मात्र कोणालाही देऊ नका. तिथे शांतता नसेल तर पुढची जाहिरात 'करा'च्या 'रा'वर चढते.

फाईल केंद्रावर पाठवण्याआधी एक तपासणी करा, तिला पैसे लागत नाहीत. घरात कोणाला काही न सांगता, ते कामात असताना, शेजारच्या खोलीत जाहिरात एकदाच फोनवर लावा. अर्ध्या तासाने विचारा: कोणाची होती, काय होतं, कुठे आहे? आमच्या पहिल्या मिश्रणावर माझी मावशी म्हणाली, "कोणाची तरी पोरगी पास झाली." हसू आलं, पण हे नापास होतं. गोष्ट लक्षात राहिली आणि दुकान विसरलं. तेव्हा शेवटची आरोळी नव्हती, जाहिरात जिंगलवर संपत होती. 'नाना, तीन किलो करा!' तेव्हा जोडलं. त्याने नाव एकोणतिसाव्या सेकंदाला पुन्हा कानावर पडतं, आणि बाप दोनाचे तीन करतो म्हणजे ओशाळलेपण गेलं हेही कळतं. दुसऱ्यांदा मावशीच्या शेजारणीला ऐकवलं. ती म्हणाली, "नानाचे पेढे, मोती चौकात." डावा हात तिला आठवला नाही, ते मी सोडून दिलं.

निकालाच्या दिवसासाठी याच रेकॉर्डिंगमधून दहा सेकंदांची छोटी जाहिरातही काढून ठेवा. कालथ्याचा एक घास, निवेदिकेचं 'साताऱ्याचा कंदी पेढा, मोती चौकात' हे बारा उच्चारांचं बोलणं, मग सहा सेकंदांची पूर्ण जिंगल, आणि शेवटी अर्ध्या सेकंदाची शांतता. त्या दिवशी गोष्ट सांगायची गरज नसते, पोरं पास झालेली असतात. तारीख जाहीर झाली की तीच दिवसभर वाजवायची आणि तीस सेकंदांची थांबवायची.

ही छोटी जाहिरात मालकांना ऐकवली. त्यांनी दोनदा लावायला सांगितली, मान डोलावली, आणि म्हणाले, "यात अर्धं सेकंद मोकळं दिसतंय. फरसाण बसेल का?"